पितळेचे साठ जोड

वहिनीच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. ती कशी वाकली हे ओतशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिला कुणी विचारत नव्हतं. लग्नाला जेमतेम वर्ष झालं असेल, मालकाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, रागाच्या भरात दार आपटलं होतं. फटीत हिचा हात आहे हे त्याला दिसत होतं, तरी आपटलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. त्याच हाताने ती पुढची वीस-बावीस वर्षं रंधा धरत आली.

तिचे वडील पॅटर्न करणारे सुतार होते. ओतायच्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. तो वाळूत दाबायचा, वाळू ठोकून घट्ट करायची, नमुना अलगद उचलायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं. पितळ थंड होताना आकसतं, म्हणून नमुना किंचित मोठा करावा लागतो. तो वाळूतून न अडकता निघावा म्हणून त्याच्या बाजूंना बारीकसा उतार द्यावा लागतो. वडील हे सगळं पोरीला शिकवून गेले, कारण शिकवायला दुसरं कुणी नव्हतं. नवरा शोधताना त्यांनी ओतशाळेचा वारस शोधला. पोरीच्या हाताला काम मिळेल, एवढाच त्यांचा हिशेब. पोरीच्या अंगाला काय मिळेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मालकाला हा राग वारशातच मिळाला होता. त्याचा बाप वाळू ठोकायच्या लोखंडी दांड्याने त्याला बडवायचा, भर कारखान्यात, सगळ्यांसमोर. बाप गेला आणि दांडा पोराच्या हातात आला. फरक इतकाच की हा बायकोला घरात मारायचा आणि कामगारांना बाहेर शिव्या द्यायचा. भट्टीवर काम करणारे म्हातारे, सगळ्या कारखान्याचे मामा, तेवढे त्याला तोंडावर बोलत. मामांनी त्याला अर्ध्या चड्डीत पाहिलेलं. त्यांच्या अंगावर हात टाकायची हिंमत त्याने कधी केली नव्हती.

त्या वर्षी मालकाने एका बंद पडलेल्या कंपनीतून डायकास्टिंगचं जुनं मशीन उचलून आणलं. पोलादी साच्याचे, म्हणजे डायचे, दोन भाग त्यात घट्ट आवळले जातात आणि वितळलेला धातू दट्ट्याने, प्रचंड दाबाखाली, आत ढकलला जातो. मालकाने ते दारासमोरच बसवलं, येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या नजरेत भरेल असं. हिरवा रंग दिला. पण मशीनला काम नव्हतं. महिनोन्‌महिने ते नुसतं उभं, आणि कामगार मागे म्हणायचे, मालकांनी हत्ती पाळलाय.

अशात अग्निशमन दलाचे एक साहेब आले. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव बंबसाहेब ठेवलं. साहेबांनी पिशवीतून फुटलेला पितळी जोड काढला आणि टेबलावर ठेवला. दोन पाइप जोडणारी ही वस्तू, मुठीहून थोडी मोठी, बाहेरून लखलखीत आणि मधोमध तडकलेली.

"आमचे जुने बंब आहेत," साहेब म्हणाले. "त्यांच्या मापाच्या आट्यांचे, म्हणजे पेचांचे, जोड आता बाजारात मिळत नाहीत. म्हणून कुणाकडून तरी हे करून घेतले. परवा एका गोदामाच्या आगीत पाणी सोडलं आणि हा फुटला. सुटलेला पाइप आडवा फिरला. टोकाची तोटी आमच्या एका जवानाच्या जबड्यावर बसली. दात घशात गेले त्याच्या. अजून नळीनेच जेवतोय."

मालक मान हलवत राहिला. वहिनी आतल्या खोलीतून पाणी घेऊन आली होती, ती तिथेच थांबली. तिने तो तुकडा उचलून उजेडात धरला. तडकलेल्या जागी पितळाच्या पोटात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं होती, पावाला असतात तशी.

"साठ हवेत," साहेब म्हणाले. "आणि प्रत्येकासोबत तोटीत बसणारी एक फिरकी. पाणी फवाऱ्यासारखं उडावं म्हणून." त्यांनी दुसरी वस्तू काढली. अंगठ्याएवढी, आत पातळ, पिळदार पाती. "कशा पद्धतीने करायचं ते तुम्ही सांगा. मला फक्त तो फुटायला नकोय."

"डायकास्टिंग," मालक लगेच म्हणाला आणि हिरव्या मशीनकडे हात केला. "एकसारखे साठ. वाळूचा खरखरीतपणा नाही. आरशासारखे."

"हा फुटलेला तसाच केलेला आहे," वहिनी म्हणाली.

ती हे बोलून गेली आणि मालकाचा हात मशीनकडे तसाच राहिला. साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी सरळ विचारलं, "ते कसं?"

आता उत्तर न देणंही तिला शक्य नव्हतं. ती जमिनीकडे बघत बोलू लागली. दाबाने धातू इतक्या वेगात आत घुसतो की साच्यातली हवा त्याच्यात कोंडते. वरची साल घट्ट असते, चकचकीत दिसते, भोकं आत राहतात. मग आट्या पाडायला लेथवर लावलं की साल निघते आणि भोकं उघडी पडतात. शिवाय पितळ फार तापवावं लागतं, त्या उष्णतेने पोलादी साचा लवकर चिरतो. चांगला साचा म्हणजे मोठा खर्च. हजारो नग असतील तर तो अंगावर येत नाही, साठांत येतो.

"मग?"

"जोडाला वाळू बरी. एक लाकडी पॅटर्न, आत पोकळीसाठी भाजलेल्या वाळूचा गाभा. पृष्ठभाग ओबडधोबड येईल, पण आट्या आणि पाइप टेकायची सपाट बैठक लेथवर करायचीच आहे, त्यासाठी जाडी जास्त ठेवू. काही नग वाळूतही खराब निघतील. ओल राहिली, वायू कोंडला, तर भोकं तिथेही पडतात. पण तपासून ते बाजूला काढता येतात. फिरकी मात्र वाळूत नीट येणार नाही, पाती फार पातळ आहेत. पोलादी साच्यातून तर ती निघणारच नाही, पिळात अडकेल. ती मेणात करावी."

"मेणात?"

"मेणाची फिरकी करायची, तिच्यावर पातळ चिकणमातीसारखा लेप द्यायचा, वाळवायचा, परत द्यायचा. जाड कवच झालं की मेण वितळवून काढायचं, कवच भाजायचं आणि त्यात पितळ ओतायचं. वेळ लागतो, नगाला महाग पडतं. सगळे जोड तसे करणं म्हणजे पैसे उधळणं. पण एवढीशी वस्तू, तीही साठच, तर परवडतं. पदकं ओतणारे एक आजोबा आहेत ओळखीचे."

साहेब समाधानाने उठले. जाताना मालकाला म्हणाले, "तुमच्या घरातच इंजिनिअर आहे की." त्यांच्या मनात कौतुकच होतं.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली तशी मालकाने वहिनीला पॅटर्नच्या खोलीत ढकललं. पहिला गुद्दा कानाखाली बसला, दुसरा बरगडीत. ती कपाटावर आदळली आणि वरचे जुने नमुने तिच्या अंगावर कोसळले. मग त्याने कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. तिला वाटलं, संपलं. पण त्याने कुऱ्हाड कपाटावर चालवली. वडिलांच्या हातचे सागवानी नमुने, चाकं, कोपरे, घंटा, एकेक ओढून जमिनीवर टाकत त्याने फोडले. ढलप्या तिच्या तोंडावर उडत होत्या. बाहेर वाळू ठोकण्याचा आवाज थांबला होता. आत कुणी आलं नाही.

"आता वाळूत काय दाबतेस ते बघतो," तो म्हणाला.

वहिनी त्या रात्री रक्त थुंकली आणि सकाळी कामाला आली. जायला माहेर उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला ती ओतशाळा सोडायची नव्हती. ती तिला नवऱ्याहून जवळची होती. तिने गाभ्याची वाळू मळायचं काम घेतलं.

मालकाने साहेबांना कळवलं की आपल्या साच्यात भोकं पडत नाहीत, जोड डायमध्येच होणार, फिरकीचं नंतर बघू. साचा त्याने स्वस्तात करून घेतला, साध्या पोलादाचा. तो आल्यावर पहिले दहा-बारा जोड निघाले, आणि ते खरोखर देखणे होते. मालक एकेक हातात घेऊन फिरवत होता. त्याच्या चेहऱ्यावर पोरासारखा आनंद होता, आणि तो बघून वहिनीला क्षणभर त्याची दया आली. तिने अशा वेळी गप्प बसायला हवं होतं, असं नंतर काही जण म्हणाले. पण तिच्या डोळ्यांसमोर तो नळीने जेवणारा माणूस होता.

तिने एक जोड वाइसमध्ये, लोखंडी पकडीत, धरला आणि करवतीने उभा कापला. दोन भाग टेबलावर उताणे ठेवले. पोट भोकांनी भरलं होतं.

"हे पाठवू नका," ती म्हणाली. "अहो, माणूस मरेल कुणाचा तरी."

मालकाने तिला तिथेच, सगळ्यांसमोर मारलं. आजवर त्याने चार भिंतींचा आडपडदा ठेवला होता, तो त्या दिवशी फाटला. तिचा ओठ वाइसच्या लोखंडावर आपटून फुटला. मामा भट्टीकडून धावत आले आणि मध्ये उभे राहिले.

"बस झालं रे," ते म्हणाले. "पोरीने खोटं काय सांगितलं?"

मालक धापा टाकत त्यांच्याकडे बघत राहिला. मग वळला. "भोकं आहेत ना? दाब वाढवतो. पितळ अजून तापवा. भोकं चिरडून टाकतो."

दुसऱ्या दिवशी त्याने तेच केलं. मामांनी मुशीतलं पितळ बघून सांगितलं की धूर पांढरा येतोय, जस्त जळतंय, याहून तापवू नका. मशीन बघून सांगितलं की साचा आवळणारे सांधे झिजलेत, एवढा दाब पेलणार नाही, साचा फाकेल. समोरची लोखंडी जाळी मालकाने आधीच काढून टाकली होती, काम लवकर होत नाही म्हणून.

"म्हातारपणी भीती वाटायला लागली का, मामा?"

"हो," मामा म्हणाले. "वाटते."

मालकाने त्यांची कॉलर धरली. आयुष्यात पहिल्यांदा. धरून त्यांना मशीनपाशी ओढलं आणि पळी त्यांच्या हातात कोंबली. "ओत."

वहिनी गाभ्यांच्या भट्टीपाशी होती. तिने बघितलं, हाक मारायला तोंड उघडलं, आणि ठणकणाऱ्या ओठाने की कशाने, मिटलं. मामांनी ओतलं. मालकाने खटका दाबला.

दट्ट्या पुढे गेला आणि साच्याचे दोन भाग बोटभर फाकले. त्या फटीतून पितळ पंख्यासारखं बाहेर आलं. आवाज फडकं फाडल्यासारखा झाला. मालक खटक्यापाशी, मशीनच्या आडोशाला होता. मामा समोर होते. त्यांच्या गळ्यावर, उजव्या गालावर, डोळ्यावर आणि छातीवर ते बसलं आणि बसलं तिथे आत शिरत गेलं. मामा ओरडलेही नाहीत लगेच. गुडघ्यावर बसले आणि हाताने तोंड पुसायला गेले, तसे हातही भाजले.

कुणीतरी बादली घेऊन धावलं. "पाणी नको इथे," वहिनी किंचाळली, कारण जमिनीवर पितळ अजून वितळलेलं होतं आणि त्यावर पाणी पडलं असतं तर सगळंच उडालं असतं. तिने मामांना काखेत धरून मागे ओढलं, नळाखाली नेलं, सदरा फाडून काढला आणि धार सोडली. सदऱ्यासोबत कातडीही आली. आता मामा ओरडत होते.

मागे मालक म्हणत होता, "हात पुढे केला कशाला म्हाताऱ्याने? हात कशाला पुढे केला?"

मामांचा भाचा साचे भरायच्या कामावर होता, चाळिशीचा, मवाळ माणूस. त्याच्या हातात वाळू ठोकायचा दांडा होता. त्याने तो मालकाच्या डोक्याच्या बाजूला मारला. मालक भिंतीवर गेला. मग बाकीचे आले. तिघे, चौघे, पाच. जे वर्षानुवर्षं शिव्या खात आले होते ते एकही शब्द न बोलता मारत होते, वाळू ठोकतात तसे, एका लयीत. हाड मोडल्याचा आवाज नळापाशी आला. मालकाने दोन्ही हात डोक्यावर घेतले, मग एकच घेता आला.

"अगं, सांग त्यांना," तो ओरडला. "ए, सांग ना."

वहिनी मामांच्या छातीवर पाणी सोडत होती. तिने वळून पाहिलं. तिच्या शब्दाला ते थांबले असते हे तिला कळत होतं, आणि ती बोलली नाही. किती वेळ, ते तिचं तिलाच सांगता आलं नाही. आपल्याला काय वाटतंय हे ती शोधत होती, आणि तिला सापडलं ते एवढंच की बरं वाटतंय. मालकाच्या तोंडातून रक्ताचा फेस आला, तेव्हा ती म्हणाली, "पुरे." आवाज चढवला नाही. दांडे खाली पडले.

ती त्याच्यापाशी गेली. "तू मेला असतास," ती म्हणाली. लग्नानंतर तिने त्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. ते त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे, कारण त्या बाजूचा कान कायमचा गेला होता.

इस्पितळात मामी आली. नवऱ्याला बघून बाहेर आली, वहिनी बाकावर बसली होती तिथे सरळ गेली आणि तिच्या थोबाडीत मारली. फुटलेला ओठ परत फुटला.

"तुला ठाऊक होतं," मामी म्हणाली. "सगळं ठाऊक होतं तुला. त्यांच्या हातात पळी होती तेव्हा कुठे होतीस?"

"भट्टीपाशी."

"मग?"

मामीने परत हात उगारला आणि तो तसाच हवेत राहिला. मग ती शेजारी बसून रडू लागली. दोघी सकाळपर्यंत त्याच बाकावर होत्या.

पोलीस आले तेव्हा कामगारांनी सांगितलं, मालक घसरून पडले. वहिनीने जाळी काढल्याचं सांगितलं, साध्या पोलादाचा साचा दाखवला, दाब कुणी वाढवला ते सांगितलं. मारलं कुणी, असं विचारल्यावर म्हणाली, "मी पाठमोरी होते." हवालदाराने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. मालकाने स्वतःही कुणाचं नाव घेतलं नाही. भीतीने की लाजेने, ते त्यालाच ठाऊक.

बंबसाहेब दोनच दिवसांनी आले. फाकलेला साचा आणि काळा पडलेला हिरवा रंग बघून ते उभ्या उभ्याच म्हणाले, "दुसरीकडे देतो मी हे काम. तुमच्यावर आणखी ओझं नको."

"दुसरीकडे ते डायमध्येच करतील," वहिनी म्हणाली. "मला मुदत द्या. एकही जोड न तपासता देणार नाही."

तिने नवा पॅटर्न केला, दोन फाळक्यांत, आट्यांच्या जागी जाडी ठेवून. वाळू किती ओली असावी यावरून ती भाच्याशी कडाकडा भांडली. मुठीत दाबलेला गोळा मोडून बघितल्याशिवाय तिने साच्याची एकही पेटी भरू दिली नाही. गाभ्यांना वायू जायला बारीक वाटा ठेवल्या. पदकवाल्या आजोबांकडे तिने फिरक्यांचं काम दिलं. त्यांनी रबराच्या साच्यातून मेणाच्या फिरक्या काढल्या, कारण रबर वाकतं आणि पिळदार पाती न मोडता सुटतात. त्यांच्या खोलीत त्या फिरक्या, झाडाला फळं लागावीत तशा, मेणाच्या दांड्याला चिकटवलेल्या, लेपात बुडवून वाळत टांगलेल्या असायच्या. लेप वाळायला त्यांनी घाई करू दिली नाही. "घाई केलीस तर कवच तडकेल," आजोबा म्हणाले, "आणि तडकलं तर मेहनत भट्टीत."

वाळूतून निघालेले जोड कुरूप होते, काटेरी कडांचे, काळसर. लेथवर चढले तेव्हा आतून पिवळंधमक, भरीव पितळ बाहेर आलं. प्रत्येकात हवा भरून पाण्यात बुडवला. ज्यातून बुडबुडे आले ते सात-आठ तिने हातोड्याने स्वतः फोडले आणि परत मुशीत टाकले. फोडताना ती इतक्या जोराने मारत होती की भाचा म्हणाला, "वहिनी, एका घावात फुटतात ते." ती थांबली नाही.

अग्निशमन दलाच्या आवारात साहेबांनी जोड पाइपांना लावले आणि पाणी सोडलं. दाबाचा काटा नेहमीच्या खुणेच्या वर नेला. पाइप ताठरले, थरथरले. जबड्याला तारा बांधलेला एक तरुण जवान भिंतीपाशी उभा होता. पाणी सुटताच तो दोन पावलं मागे सरकला आणि त्याचे हात तोंडावर गेले. सगळे जोड टिकले. तोटीतून पाणी छत्रीसारखं उघडलं. तरी त्या जवानाने हात खाली घेतले नाहीत. साहेबांनी पंप बंद केला तेव्हाच घेतले.

मामांचा उजवा डोळा गेला. भट्टीवर ते परत आले नाहीत. गाभ्यांच्या खोलीत बसून वाळूत तेल मिसळतात. गालाचं मांस आवळल्याने हसले तरी रागावल्यासारखे दिसतात. मशीन वहिनीने भंगारात दिलं. तोडणारे आले तेव्हा मामा बघायला बाहेर आले नाहीत.

मालक बहिणीकडे राहतो. कधीमधी फाटकापर्यंत येतो, मोडलेला हात छातीशी धरून. एकदा आत आला आणि म्हणाला, "कारखाना माझ्या बापाचा आहे."

वहिनी रंधा मारत होती. तिने मान वर केली. मागे भाच्याने दांडा जमिनीवरून उचलला होता, आणि बाकीच्यांचे हातही थांबले होते. वहिनीला ते सगळं न बघताही कळलं, आणि आपण त्यांना थांबवणार की नाही हे तिला या वेळीही ठाऊक नव्हतं.

"जा," ती मालकाला म्हणाली. "आत्ता जा. लवकर."

तो गेला.